पी-मूल्य अर्धे करण्याआधी

महोदय,
मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी काँक्रीटमधील सिमेंटचा काही भाग फ्लाय ॲशने बदलून 28 दिवसांचे दाबसामर्थ्य मोजले. आमच्या प्रयोगशाळेतील नेहमीच्या मिश्रणाची सरासरी 30 मेगापास्कल आहे. नव्या मिश्रणाच्या 16 क्यूबची सरासरी 31.2 आणि प्रमाण विचलन 2.6 आले. संगणकाने पी-मूल्य 0.085 दिले, म्हणजे फरक सार्थ नाही. माझा सहकारी म्हणतो, “सामर्थ्य वाढलेलेच दिसते आहे, मग एकपुच्छ चाचणी लाव, पी-मूल्य निम्मे होईल आणि काम संपेल.” हे योग्य आहे का? शून्य परिकल्पनेपासून निष्कर्षापर्यंतच्या पायऱ्या नेमक्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या, याबाबतही माझा गोंधळ आहे.
— एक संशोधक विद्यार्थी

स.न.

आपल्या सहकाऱ्याचा भागाकार बरोबर आहे, पण तो करण्याची वेळ निघून गेली आहे. आपले दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत असे मला वाटते, कारण एकपुच्छ की द्विपुच्छ हा निर्णय परीक्षणाच्या दुसऱ्याच पायरीवर घ्यायचा असतो आणि आपण तो शेवटच्या पायरीवर उभे राहून घेऊ पाहत आहात. म्हणून आपलेच आकडे हाती धरून पहिल्यापासून चालत येऊ, म्हणजे निसटलेली पायरी कोणती ते आपोआप दिसेल.

परीक्षणाची सुरुवात क्यूब ओतण्याआधी, कागदावर होते. आपला प्रश्न एका मोजता येण्याजोग्या राशीविषयी लिहावा लागतो. इथे ती राशी म्हणजे नव्या मिश्रणाचे 28 दिवसांचे खरे सरासरी दाबसामर्थ्य. तिला μ म्हणू. ही 16 क्यूबची सरासरी नव्हे. त्याच पद्धतीने अगणित क्यूब बनवले असते तर जी सरासरी मिळाली असती, ती ही. परिकल्पना नेहमी μ विषयी असतात, हातातल्या 31.2 विषयी कधीच नसतात. “नमुन्याची सरासरी 30 पेक्षा वेगळी आहे” हे वाक्य परिकल्पना म्हणून प्रबंधात लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे. 31.2 हा आकडा 30 पेक्षा वेगळा आहे हे तर डोळ्यांनीच दिसते, त्यासाठी चाचणीची गरज नसते.

शून्य परिकल्पना म्हणजे फरक नाही असे सांगणारे, आणि आकडेमोड करता यावी म्हणून एका नेमक्या संख्येवर रोवलेले विधान. आपल्या बाबतीत ते H₀: μ = 30 असे होईल. तिच्यासमोर पर्यायी परिकल्पना उभी करायची, आणि दिशेचा प्रश्न इथेच येतो. “μ ही 30 पेक्षा वेगळी आहे” असे लिहिले, म्हणजे H₁: μ ≠ 30, तर चाचणी द्विपुच्छ होते. “μ ही 30 पेक्षा जास्त आहे” असे लिहिले, म्हणजे H₁: μ > 30, तर ती एकपुच्छ होते. एक ऐतिहासिक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. ‘शून्य परिकल्पना’ हे नाव रोनाल्ड फिशर यांनी 1935 मध्ये वापरात आणले, परंतु त्यांच्या मांडणीत पर्यायी परिकल्पनेला औपचारिक स्थान नव्हते. ते स्थान नेमन आणि एगॉन पिअर्सन या जोडीने 1928 ते 1933 या काळातील लेखांतून दिले. आज पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते ती पद्धत या दोन विचारांची सरमिसळ आहे. पी-मूल्य एका परंपरेतून आले आणि आधी ठरवलेली सार्थकता पातळी व पर्यायी परिकल्पना दुसरीतून आली. विद्यार्थ्यांचा बराचसा गोंधळ या सरमिसळीतून जन्मतो, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी सार्थकता पातळीची. α = 0.05 असे ठरवणे म्हणजे एक करार करणे होय. शून्य परिकल्पना प्रत्यक्षात खरी असताना ती चुकून नाकारण्याचा धोका आपण दीर्घकाळात शंभरात पाच वेळा पत्करू, असा तो करार आहे. हे पाच टक्के कुठे खर्च करायचे ते पर्यायी परिकल्पना ठरवते. द्विपुच्छ चाचणीत अडीच टक्के वरच्या टोकाला आणि अडीच टक्के खालच्या टोकाला ठेवले जातात. एकपुच्छ चाचणीत सगळे पाच टक्के एकाच टोकाला लावले जातात आणि दुसऱ्या टोकाकडे पूर्ण पाठ फिरवली जाते. एकपुच्छ चाचणी “सोपी” वाटते ती यामुळेच. एका बाजूचा उंबरठा खाली येतो, आणि त्याची किंमत म्हणून दुसऱ्या बाजूचा दरवाजा कायमचा बंद होतो.

त्यानंतर चाचणी निवडायची. लोकसंख्येचे प्रमाण विचलन आपल्याला माहीत नाही, ते 16 क्यूबांवरून काढले आहे. म्हणून विल्यम गॉसेट यांनी 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केलेले टी-वितरण इथे लागू होते, आणि 16 वजा 1 म्हणजे 15 मुक्तांश मिळतात. टी-कोष्टकात 15 मुक्तांशांच्या ओळीत दोन आकडे शोधा: द्विपुच्छ चाचणीसाठी 2.131 आणि एकपुच्छ चाचणीसाठी 1.753. हे क्रांतिक मूल्य मोजणीपूर्वी वहीत लिहून ठेवायचे असते, म्हणजे नंतर मन बदलले तरी वही बदलत नाही.

आता मोजणी. प्रमाण त्रुटी म्हणजे 2.6 भागिले 16 चे वर्गमूळ, अर्थात 2.6 भागिले 4, म्हणजे 0.65. फरक 31.2 वजा 30, म्हणजे 1.2. त्यावरून t = 1.2 / 0.65 = 1.846. हा आकडा 1.753 आणि 2.131 यांच्या मध्ये येऊन बसला आहे, आणि आपली सारी अडचण एवढ्या एका गोष्टीत आहे. द्विपुच्छ उंबरठा त्याने ओलांडलेला नाही, एकपुच्छ ओलांडला आहे. पी-मूल्यांच्या भाषेत तेच 0.085 आणि 0.042 असे दिसते. आपण आर वापरत असाल तर फरक एवढाच असतो:

```
t.test(x, mu = 30)
t.test(x, mu = 30, alternative = "greater")
```

पहिल्या ओळीत दिशा लिहिलेली नाही, म्हणून संगणक द्विपुच्छ चाचणी करतो; मूळ सेटिंग तसेच आहे. दुसरी ओळ लिहायला एक शब्द जास्त लागतो. तो शब्द कधी लिहिला, क्यूब फोडण्याआधी की फोडल्यानंतर, हे संगणकाला कळत नाही. ते केवळ आपल्याला माहीत असते.

आपण आधी द्विपुच्छ चाचणी केली, सरासरी वर गेल्याचे पाहिले आणि मग वरचे टोक निवडू पाहत आहात. हीच सरासरी 28.8 आली असती, म्हणजे t उणे 1.846 आले असते, तर? त्या वेळी आपल्या सहकाऱ्याने त्याच सहजतेने सांगितले असते की सामर्थ्य कमी झालेलेच दिसते आहे, खालच्या टोकाची एकपुच्छ चाचणी लाव. म्हणजे t हा 1.753 पेक्षा मोठा आला तरी आपण शून्य परिकल्पना नाकारणार आणि उणे 1.753 पेक्षा लहान आला तरीही नाकारणार. दोन्ही टोकांना पाच-पाच टक्के मिळून चुकीचा धोका दहा टक्के झाला, आणि प्रबंधात मात्र पाच टक्के छापले जाणार. वाचकाला दिलेला करार इथे मोडतो. पी-मूल्याची आकडेमोड बिनचूक असते, तिच्याशेजारी लिहिलेले α खोटे ठरते.

याचा एक सौम्य प्रकारही आहे, आणि तो प्रामाणिक माणसांकडूनही घडतो. संशोधक आधी खरोखरच एकपुच्छ चाचणी ठरवतो, वरच्या टोकाला पाच टक्के लावतो, आणि सरासरी अनपेक्षितपणे खूप खाली गेल्यावर “ही गोष्ट तर महत्त्वाची आहे” म्हणून द्विपुच्छ चाचणीकडे वळतो. आता वर पाच आणि खाली अडीच, मिळून साडेसात टक्के. यावरून एक कसोटी तयार होते, आणि ती मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मोजणीपूर्वी लावायला सांगतो. निकाल आपल्या अपेक्षेच्या उलट दिशेने आणि जोरदार आला, तर तो केवळ “वाढ आढळली नाही” एवढे लिहून आपण शांतपणे सोडून देणार आहात का? उत्तर मनापासून “हो” असेल तरच एकपुच्छ चाचणी आपली. “नाही, मग मी ते ठळकपणे मांडेन” असे उत्तर असेल, तर दोन्ही टोके आपल्याला हवी आहेत आणि त्यांची किंमतही मोजली पाहिजे.

आपल्या विषयात या कसोटीचे उत्तर संशयाला जागा ठेवत नाही. फ्लाय ॲशची चुन्याबरोबर होणारी पोझोलानिक क्रिया संथ असते. म्हणून सिमेंटचा बराचसा भाग बदलला की 28 दिवसांचे सामर्थ्य साध्या मिश्रणापेक्षा कमी भरणे आणि 56 किंवा 90 दिवसांनी ते बरोबरीला येणे किंवा पुढे जाणे, ही सर्वपरिचित गोष्ट आहे. सामर्थ्य खाली जाण्याची शक्यता इतकी खरी असताना, आणि ते खाली गेले तर बांधकामाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची बातमी असताना, “खालच्या दिशेकडे मी पाहणारच नाही” असे म्हणता येत नाही. एखाद्या परीक्षकाने तोंडी परीक्षेत एवढेच विचारले तरी एकपुच्छ चाचणीचा बचाव कोसळेल. दिशा ठरवण्याचा आधार विषयाच्या ज्ञानातून यावा लागतो. “मला वाढ हवी आहे” किंवा “मला वाढ दिसली” या दोन्ही गोष्टी तो आधार देत नाहीत.

निम्मे करण्याच्या युक्तीत आणखी एक सापळा आहे. द्विपुच्छ पी-मूल्याचे अर्धे म्हणजे एकपुच्छ पी-मूल्य, हे फक्त निकाल अपेक्षित दिशेला असेल तेव्हाच खरे असते. आपली पर्यायी परिकल्पना μ > 30 असती आणि सरासरी 28.8 आली असती, तर एकपुच्छ पी-मूल्य 0.042 नव्हे, तर 1 वजा 0.042, म्हणजे 0.958 झाले असते. संगणकाने छापलेल्या द्विपुच्छ आकड्याला डोळे झाकून दोनने भागून घसरणीला “सार्थ वाढ” म्हणणारे लिखाण मी तपासले आहे. t चे चिन्ह न पाहता भागाकार केल्याचे ते फळ होते.

उलट बाजूचा एक गैरसमजही दूर करतो, कारण पुष्कळ विद्यार्थी त्यापायीच एकपुच्छ चाचणीकडे ओढले जातात. द्विपुच्छ चाचणीत शून्य परिकल्पना नाकारली गेली, तर फक्त “फरक आहे” एवढेच म्हणता येते, “वाढ आहे” म्हणता येत नाही, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. आपला t 2.131 च्या वर गेला असता, तर वाढ झाली असे दिशेसह लिहायला कोणतीच हरकत नव्हती. वरचे टोक ओलांडले म्हणजे वाढ आणि खालचे ओलांडले म्हणजे घट. खरा फरक शून्य असतानाही चुकून वाढ जाहीर करण्याचा धोका तिथे अडीच टक्क्यांपुरताच मर्यादित राहतो. दिशा सांगण्यासाठी एकपुच्छ चाचणी लागते असे नाही.

मग एकपुच्छ चाचणी योग्य कधी असते? आपल्या प्रबंधातच तिची एक रास्त जागा आहे, आणि ती आपल्या नजरेतून सुटली असावी. सिमेंटच्या जागी फ्लाय ॲश घालण्यामागचा हेतू सहसा सामर्थ्य वाढवणे हा नसतोच. सिमेंट वाचावे आणि सामर्थ्यात दखल घेण्याजोगी घट होऊ नये, हा तो हेतू असतो. तसे असेल तर प्रश्नच वेगळा लिहायला हवा होता. समजा, आराखड्याच्या गरजेवरून आपण आधीच ठरवले असते की 2 मेगापास्कलपर्यंतची घट चालेल. मग शून्य परिकल्पना H₀: μ ≤ 28 आणि पर्यायी परिकल्पना H₁: μ > 28 अशी झाली असती. इथे शून्य परिकल्पना “फरक नाही” असे सांगत नाही. ती “मिश्रण निकृष्ट आहे” असे सांगते आणि पुराव्याने तिला खोडून काढायचे असते. (तिच्यात एका संख्येऐवजी अनेक संख्या आहेत, पण मोजणी सीमेवर, म्हणजे 28 वर करतात, कारण चुकीचा धोका तिथेच सर्वांत जास्त असतो.) या प्रश्नात वरच्या टोकाशिवाय दुसऱ्या कशालाच अर्थ नाही. सामर्थ्य 28 वर असो किंवा 22 वर, निर्णय एकच: मिश्रण स्वीकारायचे नाही. म्हणून इथे एकपुच्छ चाचणी स्वाभाविक आहे. आपल्या आकड्यांनी t = (31.2 − 28) / 0.65 = 4.92 येतो आणि पी-मूल्य एक हजारांशापेक्षाही कमी भरते.

एवढा सुंदर आकडा पाहून आता लगेच प्रबंधातील परिकल्पना बदलू नका. ही 2 मेगापास्कलची मर्यादा मी उदाहरणासाठी घेतली आहे, आणि निकाल पाहिल्यावर मर्यादा ठरवणे हे निकाल पाहिल्यावर टोक निवडण्याचेच दुसरे रूप आहे. आपल्या मंजूर संशोधन आराखड्यात अशी मर्यादा आधी नोंदलेली असेल तर ती वापरा. नसेल तर वाट वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

त्याआधी गृहीतांविषयी थोडे बोलतो, कारण टी-चाचणीची पायरी आपण फार घाईने ओलांडली असावी असा मला संशय आहे. पहिले गृहीत वितरणाच्या आकाराचे. 16 निरीक्षणांवर टी-चाचणी सौम्य असममिती सहन करते, परंतु ही सहनशीलता दोन्ही प्रकारांत सारखी नसते. वितरण एका बाजूला कललेले असेल तर टी-राशीचे एक टोक जाड होते आणि दुसरे बारीक. द्विपुच्छ चाचणीत या दोन चुका बऱ्याच अंशी एकमेकींना भरून काढतात. एकपुच्छ चाचणीत अशी भरपाई होत नाही, कारण आपण एकच टोक वापरत असतो. म्हणून क्यूबांची सोळा मूल्ये एका ओळीत मांडून पाहा. एखादे फारच दूर पडले असेल तर तो क्यूब भरताना, बरा करताना किंवा यंत्राखाली ठेवताना काय झाले, याची नोंद तपासा.

दुसरे गृहीत स्वातंत्र्याचे, आणि ते मला अधिक सतावते. हे 16 क्यूब किती बॅचमधून आले? एकाच बॅचमधील क्यूब सख्ख्या भावंडांसारखे असतात. पाण्याचे प्रमाण थोडे कमी-जास्त झाले तर ते त्या सगळ्यांचे एकत्रच होते. चार बॅच आणि प्रत्येकीचे चार क्यूब असतील, तर स्वतंत्र माहितीचे तुकडे सोळा नाहीत, चारच्या आसपास आहेत. तेव्हा प्रत्येक बॅचची सरासरी काढून त्या चार सरासऱ्यांवर चाचणी करणे हा सुरक्षित मार्ग. मग मुक्तांश 3 उरतात आणि द्विपुच्छ क्रांतिक मूल्य 3.182 होते. सोळाही क्यूब एकाच बॅचचे असतील, तर आपण मिश्रणाची परीक्षा घेतलेली नाही, एका दिवसाच्या एका बॅचची घेतली आहे. ते आकडेशास्त्राच्या कोणत्याही कसरतीने भरून निघणारे नाही.

तिसरे, 30 हा आकडा. आपण तो प्रयोगशाळेच्या जुन्या नोंदींवरून घेतला आहे आणि चाचणीत तो अगदी पक्का, त्रुटीरहित धरला आहे. या वेळचे सिमेंट, वाळू, क्यूब तपासणारा माणूस किंवा यंत्राचे अंशांकन जुन्या काळापेक्षा वेगळे असेल, तर 1.2 च्या फरकात फ्लाय ॲशचा वाटा किती आणि बाकीचा किती हे सांगता येणार नाही. त्याच दिवशी, त्याच मालातून साध्या मिश्रणाचेही क्यूब ओतून दोन नमुन्यांची चाचणी केली असती तर हा प्रश्न उरला नसता. निकाल लिहिताना ही मर्यादा एका वाक्यात मान्य करावी.

आता शेवटच्या दोन पायऱ्या: निर्णय आणि निष्कर्ष. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. निर्णय H₀ विषयी असतो. 1.846 हा आकडा 2.131 पेक्षा लहान आहे, म्हणून 0.05 पातळीवर शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. “शून्य परिकल्पना स्वीकारली” असे मात्र लिहू नये. पुरावा अपुरा पडला म्हणून μ बरोबर 30 आहे हे सिद्ध होत नाही. 31 असतानाही हेच आकडे सहज येऊ शकले असते. निष्कर्ष मात्र काँक्रीटविषयी, काँक्रीटच्या भाषेत आणि मेगापास्कलमध्ये असतो. त्यासाठी पी-मूल्यापेक्षा विश्वासांतराळ जास्त उपयोगी पडते: 31.2 अधिक-उणे 2.131 गुणिले 0.65, म्हणजे साधारण 29.8 ते 32.6. या अंतराळात 30 आहे, म्हणूनच द्विपुच्छ चाचणीने नकार दिला नाही. परंतु अंतराळाचे खालचे टोक 30 च्या किती जवळ आहे तेही पाहा. वाढ सिद्ध झालेली नसली तरी 0.2 मेगापास्कलपेक्षा मोठ्या घटीशी ही निरीक्षणे फारशी जुळत नाहीत. मर्यादा आधी न ठरवल्यामुळे आपल्याला औपचारिक एकपुच्छ चाचणी लावता येत नसली, तरी हे अंतराळ छापले की प्रत्येक वाचक स्वतःची मर्यादा त्याला लावून पाहू शकतो. मघाशी म्हटलेली वेगळी वाट ती हीच. आपल्या प्रबंधाची खरी उपलब्धी, माझ्या मते, “सार्थ वाढ” या दोन शब्दांपेक्षा या खालच्या टोकात आहे.

प्रबंधात मी काहीसे असे लिहिले असते: “फ्लाय ॲशयुक्त मिश्रणाच्या 16 क्यूबचे 28 दिवसांचे सरासरी दाबसामर्थ्य 31.2 मेगापास्कल (प्रमाण विचलन 2.6) आढळले. 30 मेगापास्कल या संदर्भमूल्याशी द्विपुच्छ टी-चाचणीने तुलना केली असता फरक 0.05 पातळीवर सार्थ नाही (t = 1.846, मुक्तांश 15, p = 0.085). खऱ्या सरासरीचे 95 टक्के विश्वासांतराळ 29.8 ते 32.6 मेगापास्कल आहे. संदर्भमूल्य जुन्या नोंदींवरून घेतलेले असून समांतर नियंत्रण नमुने ओतलेले नव्हते.” बॅचनिहाय सरासऱ्यांवरून मोजणी पुन्हा करावी लागली तर यातील आकडे अर्थातच बदलतील.

वेळ आणि साहित्य हाती असेल तर नवी फेरी घ्या, पण जुन्या सोळा क्यूबांत आणखी चार मिसळून पी-मूल्य 0.05 खाली येते का ते पाहू नका; थोडे थोडे मोजत, पाहत, थांबण्यानेही α फुगतो. नव्या फेरीसाठी किती क्यूब लागतील याचा हिशेब आधी करता येतो. समजा, 1.5 मेगापास्कलचा फरक आपल्याला महत्त्वाचा वाटतो, प्रमाण विचलन 2.6 च्या आसपास राहील, आणि असा फरक खरोखर असल्यास तो पकडण्याची संधी 80 टक्के हवी. द्विपुच्छ चाचणीला त्यासाठी साधारण 26 स्वतंत्र क्यूब लागतात, एकपुच्छ चाचणीला साधारण 20. दोन्ही दिशांना डोळे उघडे ठेवण्याची किंमत एवढीच, सहा क्यूबांची आहे. स्वतंत्र म्हणजे शक्यतो वेगवेगळ्या बॅचचे, हे इथे विसरू नये. तसे जमणार नसेल तर बॅचची संख्या वाढवा आणि दर बॅचमागे क्यूब कमी करा. साध्या मिश्रणाचे नियंत्रण क्यूबही सोबत ओतायचे ठरवलेत, आणि तसे करावे असे मी सुचवेन, तर फरकाच्या दोन्ही बाजूंना त्रुटी येते, त्यामुळे प्रत्येक मिश्रणाचे जवळजवळ दुप्पट क्यूब लागतात. पहिला क्यूब ओतण्यापूर्वी दोन्ही परिकल्पना, α, टोकांची संख्या आणि घटीची मर्यादा एका पानावर लिहून, तारीख घालून मार्गदर्शकांची सही घ्या.